पंधरा फेऱ्यांचं उत्तर

माझा स्वभाव तापट आहे, हे मला कुणी सांगायला नको. घरातले लोक ते रोज सांगतातच. सातपूरच्या एका कारखान्यात मी टर्नर म्हणून लागलो, रात्रीच्या वर्गांत डिप्लोमा केला आणि मशीन शॉपचा इंजिनियर होऊन निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत ज्या गोष्टीवर मी सर्वांत जास्त डाफरलो असेन, ती म्हणजे तोंड न बघता पुढे केलेलं उत्तर. पोरं कॅल्क्युलेटरवर बोटं मारतात, जे दिसेल ते कागदावर उतरवतात आणि माझ्यासमोर धरतात. मी कागदाला हातही लावत नसे. एकच विचारायचो, "कशासारखं?"

म्हणजे असं, की वेग चाळीस मीटर आला, तर चाळीस मीटर कशासारखं ते आधी बोलून दाखवायचं. माझ्या टेबलामागच्या लोखंडी कपाटावर मी स्वतःच्या हाताने एक तक्ता लिहून चिकटवला होता. चालणारा माणूस सेकंदाला दीड मीटर, सायकल पाच, त्र्यंबक रोडवरची मोटरसायकल पंधरा, वेगवान गोलंदाजाचा चेंडू चाळीस, आवाज तीनशे चाळीस. एक मध्यम पेरू हातावर धरला तर जेवढा भार लागतो तो एक न्यूटन. किलोचं वजन टेबलावरून खाली पडलं तर आठ-दहा ज्यूल. बस्स, एवढंच. हिशेब दुप्पट-तिप्पट चुकला तर हा तक्ता पकडणार नाही, पण दहापट-शंभरपट चुकला तर हमखास पकडेल. आणि माझा अनुभव असा, की माणूस थोडकं क्वचितच चुकतो. चुकतो तेव्हा शून्यांच्या हिशेबात चुकतो.

हे सगळं मी इतक्या ठसक्यात सांगतोय, कारण पुढची गोष्ट माझ्या फजितीची आहे.

आमच्याकडे तेव्हा लेथवर सहा बायका काम करायच्या. त्यातली एक पेठ तालुक्यातली. आयटीआय करून आलेली, सातपूरलाच खोली घेऊन राहायची. बोलायची कमी. ट्रेनी असताना माझ्या हाताखाली होती, तेव्हा मला 'काका' म्हणायची आणि मी तिला सरळ 'अगं पोरी' म्हणायचो. तीन वर्षं ती कंत्राटावर होती आणि त्या महिन्यात कायम करायच्या लोकांच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. तिने ते गावी कळवलंही होतं. यादीवर सही व्हायच्या आठच दिवस आधी तिच्या मशीनवर अपघात झाला.

लेथवर जे काम फिरवायचं असतं ते चक नावाच्या जाड पोलादी चकतीत धरतात. चकवर बोल्टने आवळलेले तीन जबडे असतात, आम्ही त्यांना जॉ म्हणतो. तिच्या मशीनच्या तीन जॉपैकी एक, किलोभर वजनाचा, निसटला आणि मशीनच्या दारावर आदळला. दार बंद होतं म्हणून तिला खरचटलंही नाही. दाराच्या दोन मिलिमीटर जाड पत्र्याला आतून चांगला खोल पोचा पडला. ती म्हणाली, सकाळपासून त्याच जॉवर चाळीस नग काढले, बोल्ट घट्ट होते, चक मिनिटाला नऊशे फेऱ्यांनी फिरत होता आणि चालत्या कामात जॉ सुटला.

मशीन जुनं होतं. किती फेऱ्यांवर होतं याची नोंद ठेवणारं काही त्यात नव्हतं. त्यामुळे प्रश्न उरला एकच. नऊशेवर सुटला असेल तर दोष चकचा. आणि नव्याने बसवलेला जॉ नीट न आवळता, मशीन हळूहळू फिरवून बघताना सुटला असेल तर दोष तिचा, आणि वर खोटं बोलल्याचा दोष वेगळा. खोटं बोलणाऱ्याला कायम करत नाहीत.

प्लांट हेडने चौकशी माझ्याकडे दिली. माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाइकाची माणसं दोन दिवसांत तपासणीला येणार होती आणि त्याला कागद बंद करून हवा होता. "तुम्ही बघा, तुमच्याइतका लेथ कुणाला कळतो?" असं तो म्हणाला. एवढं ऐकल्यावर माझी छाती फुगणारच.

मी पोचा बघितला. आयुष्यभर पत्रा आणि पोलाद बघितलंय, त्यामुळे अंदाज बांधला, की किलोचं वजन सहासात मीटरवरून टाकलं तर असा पोचा पडेल. म्हणजे साठसत्तर ज्यूल, म्हणजे आदळताना वेग सेकंदाला बारा मीटरच्या आसपास. हा अंदाज बरोबर होता, हे मी आजही सांगेन. मग या वेगावरून चकच्या फेऱ्या काढायच्या होत्या. त्यासाठी मला पुस्तक उघडायची गरज नव्हती. वेगाला हजाराने गुणायचं आणि पाय, म्हणजे तीन पूर्णांक चौदा, गुणिले व्यासाने भागायचं. टर्नरला झोपेतून उठवून विचारलं तरी तो हे सूत्र सांगेल. चक अडीचशे मिलिमीटरचा. उत्तर आलं पंधरा.

मिनिटाला पंधरा फेऱ्या. मशीन हळू फिरवून जॉ बसवतात तेव्हा साधारण एवढ्याच फेऱ्या असतात. उत्तर असं चपखल बसलं, की मी पेन टेबलावर आपटलं. खात्रीसाठी उलटं करून पाहिलं. नऊशे फेऱ्या घातल्या तर वेग आला सातशे सात आणि ऊर्जा अडीच लाख ज्यूल. एवढ्याने दाराच्या चिंध्या झाल्या असत्या. दार तर शाबूत. म्हणजे नऊशेवर जॉ सुटलाच नाही. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'ऑपरेटरचे म्हणणे विश्वासार्ह वाटत नाही.' खाली सही ठोकली. माझ्या पाठीमागे कपाटावर तक्ता होता आणि मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं नाही. का नाही बघितलं? कारण उत्तर मला आवडलं होतं. दुसरं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला तिला केबिनमध्ये बोलावलं. चारला प्लांट हेडकडे बैठक होती, त्याआधी रिपोर्टवर तिची सही हवी होती. चौकशी म्हणून मी तिला 'तुम्ही' म्हणालो. तीही 'काका' सोडून 'सर' म्हणाली. मला ते टोचलं, पण सुरुवात मीच केली होती.

तिने दोन्ही पानं सावकाश वाचली. मग बोट ठेवून विचारलं, "हे पंधरा म्हणजे मिनिटाला पंधरा?"

"मग काय तासाला?" मी म्हणालो.

"म्हणजे चार सेकंदाला एक फेरी." तिने टेबलावर बोटाने हळूहळू एक गोल काढला, बरोबर चक एवढा, आणि चार मोजले. "एवढ्या चालीने जॉ सुटला तर माझ्या पायावर पडंल, सर. दारापर्यंत पोचायचा पण नाय."

"गणित बोटाने होत नाही," मी आवाज चढवला. "तुम्ही जन्मायच्या आधीपासून मी लेथवर उभा आहे. सूत्र आहे ते."

तिने पानं टेबलावर ठेवली. मला वाटलं, संपलं. पण तिने मान वर केली आणि माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या कपाटाकडे बघितलं. "सातशे सात मीटर कशासारखं, सर?" तिने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. ट्रेनी असताना मी तिला जसं विचारायचो तसंच, साधं. "आवाजाच्या दुप्पट हाय ना? मी रोज त्या चकशेजारी उभी असते. माझा चक आवाजाच्या दुप्पट पळतो व्हय?"

मला राग आला. खरं सांगायचं तर राग तिचा नव्हता. कपाळावर एकदम घाम आला आणि घाम आला याचा राग आला. मी म्हणालो, "सही नंतर करा, जा आता." ती गेली.

मी कॅन्टीनमध्ये जाऊन चहा घेतला आणि कोपऱ्यात बसलो. सातशे सात. नाशिकहून मुंबई चार मिनिटांत. आमच्या शॉपमधला प्रत्येक चक रोज, तिन्ही पाळ्यांत, चार मिनिटांत मुंबई गाठतोय आणि पस्तीस वर्षांत मला त्याचा वाराही लागला नाही? मग पंधराकडे वळलो. चकचा घेर ऐंशी सेंटिमीटरलाही थोडा कमी. चार सेकंदाला एक फेरी म्हणजे सेकंदाला वीस सेंटिमीटर. मी चहाचा ग्लास टेबलावरून तेवढ्या चालीने सरकवला. समोर बसलेल्या माणसाला आपण साखरेचा डबा सरकवतो ना, तेवढीच चाल. चहा हललाही नाही. ह्याने म्हणे दोन मिलिमीटरचा पत्रा चेपला.

मग बोटांवर मोजलं, जे आधीच मोजायला हवं होतं. मिनिटाला नऊशे म्हणजे सेकंदाला पंधरा. पंधरा वेळा पाऊण मीटर, म्हणजे अकरा-बारा मीटर. पोच्यावरून मी जो वेग काढला होता, तोच. ती अक्षरन् अक्षर खरं बोलली होती.

चूक कुठे झाली हे तेव्हा लख्ख दिसलं, आणि ती चूक फक्त टर्नरच करू शकतो. लेथवर आम्ही कापण्याचा वेग नेहमी मिनिटाला मीटरमध्ये मोजतो. ते सूत्र त्यासाठीच आहे. मी त्यात सेकंदाचा वेग घातला. साठचा फरक पडला आणि ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो म्हणून तिथे छत्तीसशेपट. शाळेतल्या पोराने सेकंदाचं गणित सेकंदात केलं असतं आणि तो चुकला नसता. मी चुकलो, कारण मला सूत्र पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टीला कोण विचारतो, बाई तू मिनिटाची की सेकंदाची?

लाज वाटली. दुसरा शब्द नाही. ज्या पोरीला मी उत्तराचं तोंड बघायला शिकवलं, तिच्या तोंडाकडे बघूनही मला ती खरी वाटली नाही आणि कागदावरचा आकडा खरा वाटला.

दोन वाजले होते. नुसतं 'हिशेब चुकला' म्हणून भागणार नव्हतं, कारण मग प्लांट हेड म्हणाला असता, 'काल एक आकडा, आज दुसरा, उद्या तिसरा.' मागच्या आवारात भंगारात तसल्याच मशीनचं एक जुनं दार पडलं होतं. ते मी आत आणवलं आणि मशीनवर असतं तसं चारी बाजूंनी लोखंडी चौकटीला आवळून आडवं ठेवलं. वर क्रेनच्या दुरुस्तीसाठीचा कट्टा होता, टेप लावून मोजला तर साडेपाच मीटर. जॉचं वजन चकच्या अगदी कडेला नसतं, जरा आत असतं, म्हणून त्याचा वेग बारा नाही, दहाच्या आसपास धरायचा. आणि साडेपाच मीटरवरून पडणारी कुठलीही जड वस्तू खाली पोचते तेव्हा दहाच्या आसपासच पळत असते. भोवती दोरी बांधली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि तोच जॉ घेऊन मी स्वतः वर चढलो. खाली ती उभी होती, हाताची घडी घालून.

मी जॉ सोडला. धाडकन आवाज झाला आणि सगळे काम थांबवून बघायला लागले.

मशीनच्या दारावरचा पोचा नऊ मिलिमीटर खोल होता. हा भरला आठ. परत टाकला, तो कोपऱ्यावर पडला, तेव्हा अकरा. हे काही प्रयोगशाळेतलं माप नव्हे. जॉ कोणत्या अंगाने लागला यावर फरक पडतोच. पण पंधरा आणि नऊशे यांच्यातलं भांडण मिटवायला एवढं पुष्कळ झालं.

"आता पोचा कुणाला दाखवायचाय तो दाखवा," ती हळूच म्हणाली. "पण त्या मशीनचा बुरादा चाळा ना. बोल्ट सापडंल. मी काल पण सांगितलं, कुणी ऐकलं नाय."

खरंच सांगितलं होतं. माझं उत्तर आल्यावर बुरादा चाळायची गरज कुणाला वाटलीच नव्हती. मशीनखालच्या ट्रेमधला लोखंडाचा बुरादा आम्ही दोघांनी मिळून ओट्यावर उपसला. अर्ध्या तासाने तिच्या हाताला लागलं. बोल्ट नव्हता, बोल्ट ज्यात आवळतात ती टी-नट होती, अर्धी तुटलेली. तुटलेली बाजू मी उजेडात धरली. एका कडेला ताजी चमकदार, आणि उरलेला सगळा भाग काळपट, तेल मुरलेला. ही चीर कालची नव्हती. कित्येक आठवडे ती आतल्या आत वाढत होती. बोल्ट कितीही आवळला असता तरी ती कधीतरी जाणारच होती.

मी तिथूनच ओरडून बाकीच्या पाचही मशीन बंद करायला लावल्या. तो माझा त्या दिवसातला एकमेव चांगला निर्णय. त्यातल्या चार चकच्या टी-नट ठीक होत्या. पाचव्यात, खिडकीजवळच्या मशीनवर, केसाएवढी चीर निघाली. तिथे जी बाई काम करत होती ती हातमोजे काढून खाली स्टुलावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. माझं पंधराचं उत्तर खरं धरलं गेलं असतं, तर ती दुसऱ्या दिवशी परत त्याच चकसमोर उभी राहिली असती.

चारला बैठक झाली. मी जॉ सोबत नेला. प्लांट हेडच्या काचेच्या टेबलावर आधी वर्तमानपत्र पसरलं, मग दाराच्या पत्र्याचा एक तुकडा ठेवला आणि पत्र्याच्या जाडीएवढ्या उंचीवरून, म्हणजे दोन मिलिमीटरवरून, जॉ त्यावर सोडला. तेवढ्यावरून पडताना त्याचा वेग सेकंदाला वीस सेंटिमीटरच होतो. टक् झालं. "हे पंधरा फेऱ्यांचं," मी म्हणालो. "ह्याने पोचा पडला असं मी काल सही करून लिहिलंय." मग आठ मिलिमीटर पोच्याचा फोटो पुढे केला आणि टी-नट ठेवली. "आणि हे नऊशेचं."

त्याने टी-नट उलटीपालटी करून बघितली. "मग असं करू," तो म्हणाला, "हिशेबात दुरुस्ती असं लिहून रिपोर्ट बदलू. बाकीच्या वाक्यांना हात लावायला नको, उगीच शंभर प्रश्न निघतील."

"बाकीच्या वाक्यांपैकी एक माझं आहे," मी म्हणालो. "ते मी काढणार."

माझा आवाज चढला असणार, कारण तो लगेच म्हणाला, "बरं बाबा, तुम्ही काढा." त्या दिवशी माझ्या तापटपणाचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

केबिनमध्ये परत येऊन मी 'विश्वासार्ह वाटत नाही' हे वाक्य खोडलं. पुसलं नाही, छापून नवीनही केलं नाही. आडवी रेघ मारून बाजूला सही केली, खोडलेलं वाचता येईल असं. खाली लिहिलं, 'ऑपरेटरचे म्हणणे पूर्ण खरे आहे. मिनिटाचे सूत्र सेकंदाच्या वेगाला लावल्याने चौकशी करणाऱ्याची चूक झाली.' मग तिला बोलावलं. पाळी सुटली होती, तिने डबा पिशवीत भरला होता आणि पिशवी खांद्याला लावली होती. मी पेन पुढे केलं.

तिने पेन घेतलं नाही. कपाटाकडे बघितलं आणि म्हणाली, "आधी बोलून दाखवा."

मला कळलं. माझ्याच टेबलासमोर मी उभा राहिलो, ट्रेनी पोरं उभी राहतात तसा. "जॉचा वेग दहा मीटर," मी म्हणालो. "सायकलच्या दुप्पट, मोटरसायकलपेक्षा कमी. ऊर्जा पन्नास ज्यूल. किलोचं वजन क्रेनच्या कट्ट्यावरून पडावं, तेवढी."

"आणि मी?"

मी खोडलेल्या वाक्यावर बोट ठेवलं. "तू खरं बोललीस, पोरी," मी म्हणालो. "मीच बघितलं नाही."

"बरं, काका," ती म्हणाली, आणि माझ्या हातातलं पेन घेऊन तिने सही केली.